एक इंटरलॉक असताना दुसरा कशाला? फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टरच्या आतलं गणित

थ्री फेज मोटर उलटी फिरवायची तर तिच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन आपसांत बदलायच्या, हे वायरमनकीच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगतो. हिंगणा एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जा, प्लेट वाकवायची रोलिंग मशीन हेच काम दिवसभर करत असते. प्लेट आत गेली, रोलर थोडे आवळले, प्लेट परत मागे, पुन्हा आत. एका टाकीचं कवच गोल होईपर्यंत मोटर कितीतरी वेळा उलटसुलट फिरते, आणि प्रत्येक वेळी या दोन वायरी पॅनेलमध्ये कोणीतरी बदलत असतं. तो कोणीतरी म्हणजे शेजारी शेजारी बसवलेले दोन कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या ओढीने लागणारे स्विच.

एक सरळ जोडतो, दुसरा उलटा जोडतो. दोघं कधीही एकाच वेळी लागता कामा नयेत. त्यासाठी पॅनेलमध्ये दोन बंदोबस्त, म्हणजे इंटरलॉक, असतात, एक वायरिंगमधला आणि एक लिव्हरचा. बऱ्याच जणांची समजूत अशी की हे एकाच कामाचे दोन पहारेकरी आहेत, एक असला तरी भागतं. म्हणून दुरुस्तीच्या वेळी यातला एक बिनधास्त काढून टाकला जातो. खरं तर दोघं वेगवेगळ्या गोष्टी अडवतात, आणि एकट्याने ठेवला तर प्रत्येक जण वेगळ्या पद्धतीने फसतो. ते कसं, ते सावकाश पाहू.

शॉर्ट नेमका कुठे होतो

तीन फेजना आपण नेहमीप्रमाणे आर, वाय, बी म्हणू. मोटरची टर्मिनल यू, व्ही, डब्ल्यू. फॉरवर्ड कॉन्टॅक्टर लागला की आर यूला, वाय व्हीला आणि बी डब्ल्यूला मिळतो. रिव्हर्स कॉन्टॅक्टरमध्ये वाय तसाच व्हीला जातो, पण आर डब्ल्यूला आणि बी यूला जातो. दोन्ही कॉन्टॅक्टरच्या खालच्या बाजूच्या वायरी एकमेकींना जोडून मग मोटरकडे गेलेल्या असतात, कारण मोटर एकच आहे.

आता समजा दोन्ही लागले. आर फेज फॉरवर्डच्या पहिल्या पोलमधून खाली यूच्या जोडावर आला. त्याच जोडावर रिव्हर्सच्या पोलमधून बी फेज आलेला आहे. मध्ये मोटरचं वाइंडिंग नाही, रेझिस्टन्स नाही, काही नाही. फक्त दोन कॉन्टॅक्ट आणि वीतभर लिंक वायर. तिकडे डब्ल्यूच्या जोडावरही हेच, आर आणि बी समोरासमोर. वायचं मात्र काही बिघडत नाही, तो दोन्ही बाजूंनी वायलाच भेटतो. म्हणून असा शॉर्ट झालेला कॉन्टॅक्टर उघडला तर बहुधा कडेचे दोन पोल काळे पडलेले आणि मधला तुलनेने स्वच्छ दिसतो. कोणते दोन फेज अदलाबदल केलेत त्यावर ते अवलंबून आहे, पण काळे पडलेले दोन आणि सुटलेला एक ही खूण पाहिली की पहिला संशय इंटरलॉकवर घ्यावा.

यात एक गमतीची चूकही होते. नवखा माणूस वरच्या बाजूलाही फेज बदलतो आणि खालच्या बाजूलाही. मग दोन्ही कॉन्टॅक्टर मोटरला एकाच दिशेने फिरवतात, आणि दोन्ही लागले तरी शॉर्ट होत नाही. मशीन उलटी फिरत नाही म्हणून तो एक बाजू सरळ करतो, आणि त्या क्षणापासून धोका सुरू होतो.

ओव्हरलोडला पत्ताच नसतो

किती करंट येतो ते एका उदाहरणावर काढू. रोलिंग मशीनची मोटर साडेसात एचपीची धरा, म्हणजे ५.५ किलोवॅट. ४१५ व्होल्टवर तिचा फुल लोड करंट साधारण ११ अँपिअर. कारखान्याला २५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, त्याचा इम्पीडन्स साडेचार टक्के. मेन बोर्डापासून मशीनच्या पॅनेलपर्यंत ४० मीटर, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल. ट्रान्सफॉर्मर ते मेन बोर्ड हे अंतर सोडून देऊ.

४ चौरस मिलिमीटर तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे ४.६ ओहम असतो. ४० मीटरला ०.१८ ओहमच्या आसपास. करंट एका फेजमधून येतो आणि दुसऱ्या फेजमधून परत जातो, म्हणून दुप्पट धरायचं, ०.३७ ओहम. ट्रान्सफॉर्मरच्या दोन फेजांचे मिळून ०.०६ ओहम, पण ते रिअ‍ॅक्टन्स असल्यामुळे सरळ बेरीज होत नाही आणि एकूण आकडा ०.३७ च्या थोडाच वर राहतो. ४१५ ला त्याने भागलं की साधारण ११०० अँपिअर. मोटरच्या करंटच्या शंभरपट. हेच पॅनेल मेन बोर्डापासून दहा मीटरवर असतं, तर केबलचा रेझिस्टन्स चौथाई होऊन करंट साडेतीन हजारांच्या वर गेला असता. म्हणजे मशीन मेन बोर्डाजवळ आहे, केबल आखूड आहे, ही गोष्ट इथे फायद्याची नाही.

यात सगळ्यात जास्त लोकांना चकवणारी गोष्ट ओव्हरलोड रिलेची, म्हणजे मोटर जास्त करंट घेऊ लागली की कंट्रोल तोडणाऱ्या रिलेची. तो कुठे बसतो ते पाहा: दोन्ही कॉन्टॅक्टरच्या खालच्या वायरी जिथे एकत्र होतात त्याच्याही खाली, मोटरच्या बाजूला. आणि शॉर्टचा करंट फिरतो त्या जोडाच्या वर. आर वरून आला, जोडावरून वळला, बीमध्ये वर गेला. ओव्हरलोडमधून तो जातच नाही. त्यामुळे "ओव्हरलोड बरोबर सेट केला आहे, काही होणार नाही" या म्हणण्याला इथे काडीचा अर्थ नाही. हा करंट दिसतो फक्त वरच्या एमसीबीला, फ्यूजला किंवा मोटर प्रोटेक्शन ब्रेकरला.

ते आपलं काम करतात. १६ अँपिअरची सी कर्व्ह एमसीबी ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान तत्काळ पडते, ११०० ला तर पडणारच, साधारण अर्ध्या सायकलमध्ये, म्हणजे दहा मिलिसेकंदांच्या आसपास. मग नुकसान काय? त्या दहा मिलिसेकंदांत कॉन्टॅक्ट चिकटतात. इतका करंट वाहताना बंद असलेल्या दोन कॉन्टॅक्टमध्ये एकमेकांना ढकलणारं बल तयार होतं, ते स्प्रिंगच्या दाबावर मात करून कॉन्टॅक्ट क्षणभर उचलतं, मध्ये आर्क पडतो, चांदीमिश्रित पृष्ठभाग वितळतो, आणि करंट ओसरला की ते वितळलेल्या धातूवरच परत बसतात. एमसीबी वर उचलली की मोटर बटन न दाबताच सुरू होते, किंवा एमसीबी लगेच पुन्हा पडते. एमसीबी पुन्हा पुन्हा वर करून पाहणारा माणूस इथे सर्वात जास्त नुकसान करतो. एकदा असा शॉर्ट झाला की दोन्ही कॉन्टॅक्टर उघडून पाहिल्याशिवाय सप्लाय द्यायचा नाही.

वायरिंगमधला इंटरलॉक

प्रत्येक कॉन्टॅक्टरला मुख्य तीन पोलांखेरीज लहान ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट असतात. १३-१४ आकड्यांचा एनओ, म्हणजे कॉन्टॅक्टर लागला की जुळणारा. २१-२२ चा एनसी, म्हणजे लागला की सुटणारा. कॉइलची दोन टोकं ए१ आणि ए२.

कंट्रोलची वायर अशी चालते: कंट्रोल फ्यूजमधून निघाली, ओव्हरलोडच्या ९५-९६ मधून गेली, मग स्टॉप बटनाच्या एनसीमधून. तिथून दोन फाटे फुटतात. एक फाटा फॉरवर्डच्या बटनातून, मग *रिव्हर्स* कॉन्टॅक्टरच्या २१-२२ मधून, मग फॉरवर्डच्या कॉइलला. दुसरा रिव्हर्सच्या बटनातून, *फॉरवर्ड* कॉन्टॅक्टरच्या २१-२२ मधून, रिव्हर्सच्या कॉइलला. बटनाला समांतर आपापला १३-१४, बटन सोडल्यावर कॉइल धरून ठेवायला. एकाचा एनसी दुसऱ्याच्या वाटेत, एवढंच लक्षात ठेवायचं. फॉरवर्ड लागला की त्याचा एनसी सुटतो, आणि रिव्हर्सच्या कॉइलकडे जाणारी वाटच तुटते. आता रिव्हर्सचं बटन कितीही दाबा, कॉइलपर्यंत काही पोचत नाही.

घाईत कोणी एनसी चुकीच्या फाट्यात जोडला, म्हणजे फॉरवर्डचा एनसी फॉरवर्डच्याच कॉइलच्या वाटेत, तर बटन दाबताच कॉन्टॅक्टर तडतड तडतड वाजत राहतो. लागतो, स्वतःचीच वाट तोडतो, सुटतो, पुन्हा लागतो. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, आणि ही चूक त्यामानाने सुखाची, कारण ती लगेच ओरडून सांगते.

एनसी कुठे बसवायचा याचीही एक बारीक गोष्ट आहे. तो कॉइलच्या अगदी आधी हवा, बटन आणि होल्डिंग यांचे फाटे एकत्र झाल्यानंतर. काही पॅनेलमध्ये तो फक्त बटनाच्या वाटेत सापडतो आणि होल्डिंगची वायर त्याला टाळून थेट कॉइलला गेलेली असते. रोजच्या वापरात फरक कळत नाही. पण एकदा का दोन्ही कॉन्टॅक्टर कुठल्या कारणाने लागले, की दोघं आपापल्या होल्डिंगवर धरून बसतात, आणि एनसी सुटून काही उपयोग नसतो.

चांगल्या पॅनेलमध्ये बटनांचाही इंटरलॉक असतो. दोन एलिमेंटची बटनं घ्यायची. फॉरवर्ड दाबलं की त्याचा एनओ फॉरवर्डची वाट जोडतो आणि त्याच बटनाचा एनसी रिव्हर्सची वाट तोडतो. दोन्ही बटनं एकदम दाबली तर दोन्ही वाटा तुटतात, काहीच लागत नाही. शिवाय स्टॉप न दाबता थेट उलटं करता येतं. ते सोयीचं वाटतं, पण पूर्ण वेगात फिरणारी मोटर थेट उलटी केली की करंट नेहमीच्या स्टार्टिंगपेक्षाही जास्त घेते आणि कॉन्टॅक्टवर मार बसतो. अशा कामाला कॉन्टॅक्टर साध्या चालू-बंदच्या एसी-३ आकड्यावर नाही, फिरती मोटर उलटवण्याच्या एसी-४ आकड्यावर निवडायचा. तोच कॉन्टॅक्टर एसी-४ ला बराच कमी करंट झेपवतो.

वायरिंगचा इंटरलॉक कुठे आंधळा होतो

पहिली जागा म्हणजे वेळ. एनसी सुटायला कॉन्टॅक्टर हलावा लागतो. लहान कॉन्टॅक्टर लागायला साधारण १२ ते २२ मिलिसेकंद घेतो. बटन इंटरलॉक नसलेल्या पॅनेलवर दोन्ही बटनं नेमकी एकदम दाबली गेली, तर त्या क्षणी दोन्ही एनसी जोडलेलेच असतात, दोन्ही कॉइलींना व्होल्टेज मिळतं आणि दोन्ही आर्मेचर, म्हणजे कॉइलने ओढले जाणारे हलते भाग, एकदम निघतात. ज्याचा एनसी आधी सुटेल तो दुसऱ्याची कॉइल तोडेल, हे बहुतेक वेळा होतं. पण ही शर्यत आहे, हमी नाही.

दुसरी जागा माणसाचं बोट. मशीन चालत नाही, म्हणून मेकॅनिक पॅनेल उघडतो आणि टेस्टरच्या टोकाने किंवा अंगठ्याने कॉन्टॅक्टर दाबून पाहतो. मोटर फिरली की कॉइलमध्ये फॉल्ट, नाही फिरली की पॉवरमध्ये. नागपुरात काय, कुठेही हा प्रकार रोज चालतो. तेव्हा एक कॉन्टॅक्टर आधीच लागलेला असेल आणि याने दुसरा दाबला, तर वायरिंगमधला एनसी काय करणार? तो कॉइलचं व्होल्टेज तोडू शकतो, अंगठ्याचा जोर नाही. आणि तोंड पॅनेलपासून वीतभर अंतरावर असतं.

तिसरी जागा चिकटलेला कॉन्टॅक्ट. फॉरवर्डचा कडेचा एक पोल चिकटला आहे. कॉइल सुटली, आर्मेचर परत जायला निघालं, पण चिकटलेल्या पोलामुळे अर्ध्या वाटेत अडकलं. आता प्रश्न असा की त्याचा २१-२२ जुळला की सुटलेलाच राहिला? जुळला, तर रिव्हर्सची वाट मोकळी झाली आणि बटन दाबताच शॉर्ट. नाही जुळला, तर मशीन नुसती उलटी जात नाही, बाकी सगळं सुरक्षित. याचं उत्तर कॉन्टॅक्टरच्या बनावटीत असतं. आयईसी ६०९४७-४-१ या मानकात मिरर कॉन्टॅक्ट नावाची अट आहे: मुख्य पोलांपैकी एक जरी जुळलेला असेल, तर हा एनसी जुळताच कामा नये. कॅटलॉगमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं असतं. इंटरलॉकसाठी तोच एनसी वापरावा. बाजारातून उचलून वर चिकटवलेल्या कुठल्याही अ‍ॅड-ऑन ब्लॉकवर हा भरवसा टाकता येत नाही.

कॉन्टॅक्ट चिकटायला शॉर्टच लागतो असंही नाही. २३० व्होल्टची कॉइल साधारण १९५ व्होल्टपर्यंत, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत नीट लागेल अशी बनवलेली असते. दुपारी व्होल्टेज त्याखाली घसरलं, किंवा कंट्रोलच्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला असला, की कॉन्टॅक्टर धड लागत नाही, धड सुटत नाही, आणि स्टार्टिंगचा करंट घेत तडतडतो. दोनचार वेळा असं झालं की एखादा पोल चिकटतो.

लिव्हरचा इंटरलॉक

मेकॅनिकल इंटरलॉक पाहायला फार साधा असतो. दोन कॉन्टॅक्टरच्या मध्ये एक पातळ प्लास्टिकची चकती किंवा डबी, आत तराजूच्या दांडीसारखा डुलणारा लिव्हर. एका बाजूचं आर्मेचर आत गेलं की दांडीचं दुसरं टोक वर येऊन दुसऱ्या आर्मेचरच्या वाटेत उभं राहतं. आता दुसऱ्याला कॉइल ओढो की अंगठा दाबो, ते आत जाऊ शकत नाही. याला व्होल्टेजशी देणंघेणं नाही. वायरिंग चुकलेलं असो, एनसी जळलेला असो, फॉरवर्डचा पोल चिकटून आर्मेचर आत अडकलेलं असो, दांडी आडवीच राहते. वर सांगितलेल्या तिन्ही आंधळ्या जागा तो झाकतो.

मग एवढा खंबीर असताना वायरिंगचा इंटरलॉक कशाला? याचं उत्तर एका तक्रारीतून चांगलं कळतं. अशाच एका रोलिंग मशीनवरचा ऑपरेटर म्हणत होता, "भाऊ, रिव्हर्सचीच कॉइल काहून जळते जी? फॉरवर्डची तं कधीच नाही जळली. कॉइल डुप्लिकेट भेटते का आजकाल?" कॉइल दर काही महिन्यांनी जळायची, नवी टाकली की मशीन चालायची, आणि पुन्हा तेच. दोष दुकानदाराला.

कॉइल चांगली होती. एसी कॉइलचा स्वभाव असा की आर्मेचर आत जाऊन बसेपर्यंत ती भरपूर करंट ओढते. आर्मेचर दूर असताना चुंबकाच्या वाटेत हवेची फट असते, त्यामुळे कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स कमी आणि करंट जास्त. आर्मेचर बसलं, फट मिटली, की करंट खाली येतो. लहान कॉन्टॅक्टरची कॉइल ओढताना ७० व्हीएच्या आसपास घेते आणि धरून ठेवताना ७-८ व्हीए. २३० व्होल्टवर म्हणजे ओढताना पाव अँपिअरच्या वर, धरताना त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. ती बनवलेली असते धरण्याच्या करंटवर दिवसभर राहायला आणि ओढण्याच्या करंटवर फक्त काही मिलिसेकंद राहायला.

आता आर्मेचरला लिव्हरने अडवलंय आणि कॉइलला व्होल्टेज मिळतंय, असं धरा. फट कधी मिटतच नाही. कॉइल दहापट करंट घेत राहते, जोरात भुर्र आवाज करते आणि तापते. करंट दहापट म्हणजे तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने, शंभरपट. काही मिनिटं सलग असं झालं की वार्निश जळाल्याचा वास येतो. थोडा थोडा वेळ रोज झालं, तर इन्सुलेशन हळूहळू भाजत जातं आणि काही महिन्यांनी कॉइल जाते. मेच्या महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, बंद पॅनेलमध्ये तर आणखी लवकर.

त्या मशीनवर हेच चाललं होतं. फॉरवर्डच्या कॉन्टॅक्टरचा एनसी कधीतरी खराब झाला होता. त्यामुळे रिव्हर्स लागेना. काम अडलं म्हणून कोणीतरी २१ आणि २२ यांच्यात वायरचा तुकडा मारून दिला. मशीन चालू झाली. बटन इंटरलॉक नव्हता. ऑपरेटर फॉरवर्ड चालू असतानाच रिव्हर्सचं बटन दाबून धरायचा, मशीन उलटत नाही म्हणून आणखी जोरात दाबायचा, मग वैतागून स्टॉप मारून पुन्हा रिव्हर्स. पहिल्यांदा दाबून धरलं की प्रत्येक वेळी रिव्हर्सची कॉइल लिव्हरला टक्कर देत भाजत होती. फॉरवर्डची कधीच जळाली नाही, कारण तिच्या वाटेतला रिव्हर्सचा एनसी शाबूत होता. जळण्यातला हा एकतर्फीपणाच खरा पुरावा आहे. डुप्लिकेट कॉइल बाजू बघून जळत नाही.

पक्कं करायला काम एकच होतं: फॉरवर्ड लागलेला असताना रिव्हर्सचं बटन दाबून रिव्हर्सच्या ए१-ए२ वर मल्टिमीटर धरणं. शून्य यायला हवं होतं, आले २३० च्या आसपास. वायरचा तुकडा काढला, एनसीचा ब्लॉक बदलला, कॉइल टाकली.

इथे एवढ्यावर निभावलं ते लिव्हरमुळे. तो नसता तर तो तुकडा मारल्यानंतर पहिल्याच वेळी, फॉरवर्ड चालू असताना रिव्हर्स दाबताच, ते ११०० अँपिअर आले असते. आणि लिव्हर नसलेली पॅनेल दुर्मिळ नाहीत. एक कॉन्टॅक्टर जातो, त्याच मापाचा मिळत नाही, दुसऱ्या कंपनीचा किंवा एक नंबर मोठा बसवतात, लिव्हरची चकती बसत नाही, म्हणून ती काढून पॅनेलच्या तळाशी टाकून देतात. पॅनेल उघडल्यावर तळाशी असा प्लास्टिकचा तुकडा पडलेला दिसला तर तो फालतू समजू नका. माझ्या मते फॉरवर्ड-रिव्हर्सचा एक कॉन्टॅक्टर बदलायचा तर जोडीने बदलावा, लिव्हरसकट. खर्च दुपटीच्या वर जातो, पण पटण्यासारखा.

आर्क विझायला वेळ

दोन्ही इंटरलॉक जागेवर असले तरी एक फट उरते, आणि ती मिलिसेकंदांची आहे. कॉन्टॅक्ट यांत्रिक दृष्ट्या सुटले म्हणजे करंट थांबला असं नाही. सुटलेल्या कॉन्टॅक्टमध्ये आर्क असतो, आणि तो करंट शून्यातून जाताना विझतो. ५० हर्ट्झला दर दहा मिलिसेकंदांनी शून्य येतो. साध्या बटनांच्या स्टार्टरमध्ये फॉरवर्ड सुटला, त्याचा एनसी जुळला, मग रिव्हर्सची कॉइल निघाली आणि तिला लागायला पंधरावीस मिलिसेकंद लागले, या क्रमातच आर्कला वेळ मिळून जातो. लहान मोटरला पुरतो. मोठ्या कॉन्टॅक्टरला किंवा वारंवार उलटणाऱ्या मशीनला मात्र मध्ये टायमर टाकून थोडा थांबा द्यावा. शंभर मिलिसेकंद आर्कसाठी भरपूर झाले, मोटर आणि गिअरबॉक्स थांबायला हवे असतील तर सेकंदांत मोजायचं.

पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारा कंट्रोलर, आला की काही जण म्हणतात, इंटरलॉक प्रोग्रॅममध्ये आहे, वायरिंग कशाला? पीएलसीचं आउटपुट मिलिसेकंदात बदलतं, आणि आपण बंद केलेला कॉन्टॅक्टर खरोखर सुटला की चिकटून बसला, हे फीडबॅक न जोडल्यास त्याला कळत नाही. प्रोग्रॅममध्ये इंटरलॉक जरूर ठेवा, थांबाही ठेवा, पण एनसी वायरिंगमध्ये आणि लिव्हर कॉन्टॅक्टरमध्ये हवेच. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, असेल तर गोष्ट निराळी. तो फेजचा क्रम आतच बदलतो, दुसरा कॉन्टॅक्टरच लागत नाही.

पॅनेल तपासायचं असेल तर

आयसोलेटर बंद करा, कुलूप लावा, तिन्ही फेज मेल्याची खात्री टेस्टरने करा. मग फॉरवर्ड कॉन्टॅक्टरचं आर्मेचर बोटाने पूर्ण दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने रिव्हर्स दाबायचा प्रयत्न करा. तो मुख्य कॉन्टॅक्ट जुळण्याइतका आत जाता कामा नये. थोडासा हलेल, ते चालतं. शंका असेल तर त्याच्या पोलांवर मल्टिमीटर लावून पाहा. मग उलट क्रमाने.

पुढे मल्टिमीटर बीपवर टाकून फॉरवर्डच्या २१-२२ ला लावा. एका टोकाची वायर सोडून मोजा, नाहीतर सर्किटच्या दुसऱ्या वाटेने बीप येऊन फसगत होते. आर्मेचर अगदी हळू दाबत न्या. बीप आधी बंद व्हायला हवा, मुख्य पोल त्यानंतर जुळायला हवेत. बीप चालूच राहिला तर ब्लॉक खराब आहे किंवा कोणीतरी तुकडा मारलाय.

शेवटी पॉवरचे फ्यूज काढून फक्त कंट्रोलला सप्लाय द्या, म्हणजे कॉन्टॅक्टर लागतील पण त्यांच्या पोलांवर काही नसेल. कंट्रोलचा सप्लाय त्याच फ्यूजच्या खालून घेतलेला असेल तर त्याला वेगळा द्यावा लागेल. फॉरवर्ड लावा, रिव्हर्सचं बटन दाबा, रिव्हर्सच्या ए१-ए२ वर व्होल्टेज पाहा. बटन इंटरलॉक असलेल्या पॅनेलमध्ये रिव्हर्स दाबताच फॉरवर्ड सुटेल आणि ही परीक्षा निसटेल. तिथे बाहेरच्या इन्सुलेटेड काडीने फॉरवर्डचं आर्मेचर दाबून धरूनच रिव्हर्सचं बटन दाबावं. शून्य आलं तर एनसी त्याच्या जागी काम करतोय. व्होल्टेज आलं आणि कॉइल भुर्र करू लागली, तर बटन लगेच सोडा आणि आधी तो तुकडा शोधा.